पाच प्रश्नचिन्हांची सविता

फोन उचलला की समोरून पहिलं वाक्य यायचं, "मॅडम, मराठी दिसत नाही."

पतसंस्थांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या एका लहान कंपनीच्या हेल्पडेस्कवर मी काम करते. दिवसभरात येणारे बरेच कॉल एकाच साच्यातले असतात. पासवर्ड विसरला, प्रिंटर रेघा मारतोय, दिवसअखेर होत नाही. पण "मराठी दिसत नाही" या कॉलचं मला जरा अप्रूप होतं, कारण तो मला पाच मिनिटांत सोडवता यायचा. सोडवायचा, तिकिटावर `Explained to user on call. Resolved.` असं लिहायचं आणि पुढचा फोन घ्यायचा. हे वाक्य मी किती तिकिटांवर लिहिलं असेल देव जाणे. त्यातून कुणालाच काही कळत नाही. काय समजावलं, कुणाला समजावलं, तो काय करत होता, यातलं काही म्हणजे काही नाही. तीन आठवड्यांनी तोच कॉल शेजारच्या टेबलावर गेला की तिथला मुलगा खुर्ची माझ्याकडे वळवून विचारायचा, "ते मराठीचं काय करायचं असतं हो?" म्हणजे आमचा नॉलेज बेस मीच होते, आणि मी रजेवर असले की तो बंद असायचा.

एका सोमवारी असे तीन कॉल आल्यावर मी ठरवलं, की हे एकदाचं लिहून टाकायचं.

लिहायला बसल्यावर पहिल्यांदा लक्षात आलं, की हा एक प्रश्न नव्हताच. फोनवर सगळे एकच वाक्य म्हणत असले तरी पडद्यावर प्रत्येकाला वेगळं दिसत असतं. एकाला मराठीच्या जागी `ejkBh` अशी इंग्रजी अक्षरं दिसतात. तो मजकूर कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो. तिथे `e` या अक्षरालाच 'म'चं रूप दिलेलं असतं, त्यामुळे फॉन्ट काढला की उरते नुसती रोमन अक्षरांची रांग. दुसऱ्याला रिकामे चौकोन दिसतात. मजकूर शाबूत असतो, पण दाखवणाऱ्या फॉन्टमध्ये देवनागरी नसते. तिसऱ्याला `à¤®à¤°à¤¾` असं काहीतरी दिसतं. आणि चौथ्याला नुसती प्रश्नचिन्हं.

पहिल्या दोघांचं चटकन निपटतं. तिसऱ्याचं आणि चौथ्याचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण माझी फजिती तिथेच झाली.

आमच्या सॉफ्टवेअरमधून सभासदांची यादी सीएसव्ही फाइल म्हणून काढता येत असे. ती फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे नेमकं सांगायचं तर यूटीएफ-८ मध्ये लिहिलेली असायची. त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. काना, मात्रा, वेलांटीसुद्धा स्वतंत्र चिन्हं असल्यामुळे त्यांचेही तीन-तीन. क्लार्क त्या फाइलवर डबल-क्लिक करतो आणि एक्सेल उघडतं. फाइलच्या सुरुवातीला यूटीएफ-८ ची खूण नसली तर एक्सेल ती विंडोजच्या जुन्या पद्धतीची समजून एकेक बाइट सुटा वाचतं. तीन बाइटचं एक अक्षर न वाचता एकेका बाइटचं एक अशी तीन अक्षरं वाचतं. देवनागरीच्या चिन्हांचे पहिले दोन बाइट नेहमी ठरावीकच असतात, म्हणून ओळभर `à¤` आणि `à¥` यांचीच पंगत बसलेली दिसते. ही खूण एकदा डोळ्यांत बसली की मग फोनवरही ओळखता येतं. "डोक्यावर तिरकी रेघ असलेला छोटा ए, आणि त्याच्या शेजारी चार पायांचं किड्यासारखं काहीतरी, असं दिसतंय का?" असं मी विचारायचे. समोरून लगेच "हां हां, तेच!" असं यायचं.

यावरचा उपाय असा, की डबल-क्लिक करायचं नाही. एक्सेल आधी उघडायचं, `Data` मध्ये जाऊन `From Text/CSV` निवडायचं, फाइल दाखवायची आणि वर जिथे `File Origin` लिहिलेलं असतं तिथे `65001: Unicode (UTF-8)` निवडायचं. खाली नमुन्यात मराठी दिसलं की `Load`.

मी लेख लिहिला. नाव दिलं `UTF-8 encoding mismatch in CSV export`. अगदी बरोबर नाव. पडद्याची चार चित्रं डकवली, त्यांच्यावर लाल बाण काढले आणि सगळ्या शाखांना खुला केला.

पुढच्या महिन्यात कॉल तितकेच आले.

शाखेतली मंडळी वाचतच नाहीत, अशी आमच्याकडे सगळ्यांची खात्री आहे. मीही तेच म्हणत होते. मग एक दिवस नॉलेज बेसच्या शोधाची नोंदवही उघडून पाहिली. लोकांनी काय शोधलं आणि त्यांना काही सापडलं की नाही, हे त्यात राहतं. लोकांनी शोधलं होतं. `marathi disat nahi`. `marathi yet nahi excel`. "नावं बिघडली". "अक्षरे उलटसुलट". आणि प्रत्येकापुढे निकाल शून्य. माझ्या लेखात 'दिसत नाही' हे शब्दच नव्हते. एन्कोडिंग हा शब्द प्रश्न सुटल्यानंतरचा आहे. ज्याला तो माहीत आहे त्याला लेखाची गरज नाही, आणि ज्याला लेखाची गरज आहे त्याला तो शब्द कधी सुचणार नाही. शिवाय बिघडलेल्या अक्षरांचे नमुने मी चित्रांत ठेवले होते. चित्रातली अक्षरं शोधात सापडत नाहीत, त्यामुळे तेही कुणाच्या हाती लागणं शक्य नव्हतं.

तेव्हा मी ज्ञान-केंद्रित सेवा या पद्धतीचं थोडं वाचलं. इंग्रजीत तिला केसीएस म्हणतात. कन्सोर्टियम फॉर सर्व्हिस इनोव्हेशन नावाची संस्था १९९२ पासून तिच्यावर काम करते आहे. अशा गोष्टींत भपकाच फार असतो, असा माझा समज होता आणि थोडाफार अजूनही आहे. पण त्यातल्या दोन गोष्टी मला पटल्या. एक म्हणजे, लेख नंतर सवडीने लिहायचा नाही, प्रश्न सोडवता सोडवताच लिहायचा, कारण विचारणाऱ्याचे शब्द तेव्हाच ताजे असतात. फोन ठेवल्यावर दहा मिनिटांत आपण त्याचं वाक्य विसरतो आणि त्या जागी आपलं निदान लिहितो. दुसरी म्हणजे, लेख वापरायचा त्याच वेळी तो तपासायचा. तपासणीसाठी वेगळी समिती नको. तिकीट सोडवताना लेख उघडला आणि त्यात काही चुकलेलं दिसलं, तर तिथेच दुरुस्त करायचं किंवा निदान खूण करून ठेवायची.

मग मी लेखाचं नाव बदललं. "एक्सेलमध्ये फाइल उघडल्यावर मराठी नावं दिसत नाहीत, à¤ अशी अक्षरं येतात." खाली 'लोक असंही शोधतात' म्हणून रोमन लिपीतले सगळे शब्दप्रयोग जसेच्या तसे घातले, स्पेलिंगच्या चुकांसकट. कारणाचा परिच्छेद उपायाच्या खाली ढकलला. काउंटरवर पाच माणसं खोळंबलेली असताना बाइटची गोष्ट कोण वाचणार? चौकोन, प्रश्नचिन्हं आणि `ejkBh` यांचे वेगळे लेख केले आणि प्रत्येकाच्या माथ्यावर ओळखायची खूण लिहिली. असं दिसत असेल तरच हा लेख, नाहीतर तो.

कॉल खरोखरच कमी झाले. त्या आठवड्यात मी फार खुशीत होते.

मग एका शाखेतून क्लार्कताईंचा फोन आला. आवाज रडवेला. "मॅडम, तुमचं वाचून तसंच केलं हो मी. आता पासबुकावर प्रश्नचिन्हं छापून येतायत."

त्यांच्याकडे सभासदांच्या नावांची दुरुस्ती चालू होती. आडनाव चुकलेलं, वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव, असल्या बारीकसारीक गोष्टी. दोन दिवस बसून त्यांनी ३१८ नावं सुधारली. फाइल माझ्या लेखाप्रमाणे उघडली, मराठी व्यवस्थित दिसलं, दुरुस्त्या केल्या, जुन्याच नावाने जुन्याच फाइलवर साठवली आणि परत सॉफ्टवेअरमध्ये चढवली. साठवताना प्रकार निवडला होता `CSV (Comma delimited)`. यादीत तो समोर दिसतो आणि नावही ओळखीचं वाटतं.

हा प्रकार जुन्या पद्धतीने लिहितो. त्याच्या अक्षरसंचात देवनागरी नाहीच. जे अक्षर बसत नाही त्याच्या जागी तो एक प्रश्नचिन्ह टाकतो आणि पुढे जातो. सविता या नावात स, व, वेलांटी, त आणि काना अशी पाच चिन्हं, म्हणून `?????`. कविताचीही पाच. मनीषाचीही पाच. सुनीताची सहा. क्लार्कताईंच्या यादीत त्या दिवशी कितीतरी बायका निव्वळ पाच प्रश्नचिन्हांच्या होऊन बसल्या होत्या, आणि पाच प्रश्नचिन्हांवरून सविता की कविता हे जगातला कुठलाही प्रोग्राम सांगू शकत नाही.

गंमत बघा. `à¤®à¤°` हे दिसायला भयंकर असतं, पण त्यात काहीही हरवलेलं नसतं. बाइट सगळे जागेवर असतात, फक्त वाचायची रीत चुकलेली असते. प्रश्नचिन्हं दिसायला सोज्वळ, आणि त्यांत सगळं गेलेलं. माझा लेख येण्याआधी क्लार्क मंडळी ते किडे बघून घाबरायची आणि फोन करायची. त्या भीतीनेच त्यांचा डेटा वाचत होता. लेखाने ती भीती काढून टाकली आणि पुढच्या खड्ड्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

आदल्या रात्रीच्या बॅकअपवरून आम्ही नावं परत आणली. मूळ नावं आली, त्यांचं दोन दिवसांचं काम गेलं. फाइल त्यांनी त्याच नावावर साठवली होती, त्यामुळे दुरुस्त केलेली प्रत कुठेच नव्हती. त्या मला काही बोलल्या नाहीत. "परत बसते आता," एवढंच म्हणाल्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी लेख पुन्हा उघडला आणि शेवटची ओळ वाचली. "आता मराठी नावं नीट दिसतील." माझ्यासाठी तिकीट तिथे संपत होतं. फोनवरही मी तिथेच थांबायचे. "दिसलं का? दिसलं ना? ठेवते मग." त्यांना मात्र नावं बघायची नव्हती, सुधारून परत चढवायची होती. त्या लेखावर 'तपासलेला' असा हिरवा शिक्का होता. तो मीच मारला होता, मराठी दिसेपर्यंत तपासून.

मग मी क्लार्कसारखी बसले. चाचणीच्या सर्व्हरवरून यादी काढली, उघडली, दोन नावं बदलली, साठवली, परत चढवली आणि पासबुक छापून पाहिलं. साठवताना `CSV UTF-8 (Comma delimited)` निवडलं. प्रश्नचिन्हं गेली. पण खाते क्रमांक बिघडले. `00457` चा `457` झाला होता. फाइल आत घेताना एक्सेल स्वतःच ठरवतं, की हा रकाना आकड्यांचा आहे, आणि आकड्याच्या पुढच्या शून्यांना किंमत नसते. पतसंस्थेत असते.

म्हणजे फाइल घेतानाच `Data Type Detection` मध्ये `Do not detect data types` निवडायला हवं. निवडलं. शून्यं राहिली. पण आता पहिल्या ओळीत एक्सेलने `Column1`, `Column2` अशी स्वतःची मथळ्यांची ओळ घातली आणि आमचे खरे मथळे खाली दुसऱ्या ओळीत सरकले. सॉफ्टवेअरने ती फाइल घ्यायलाच नकार दिला. मग `Table Design` मध्ये जाऊन `Convert to Range`, मग ती आगंतुक ओळ पुसणं, मग साठवणं. आणि या सगळ्याच्या आधी, सर्वांत वर, फाइलची नक्कल करून ठेवणं.

नऊ पायऱ्या झाल्या. लेख आता बरोबर होता. तो कुणी पाळेल अशी माझी अपेक्षा नव्हती. नऊपैकी एक पायरी चुकली की एक तर शून्यं जातात किंवा नावं जातात, आणि हे सगळं संध्याकाळी साडेपाचला, रोकड जुळत नसताना करायचं.

त्या काळात तिकीट बंद करताना कुठला लेख वापरला तो जोडायची सवय आम्ही लावून घेत होतो. आधी मला ते कारकुनी काम वाटायचं. आता त्याचा उपयोग झाला. त्या लेखाला जोडलेली सगळी तिकिटं मी काढली. प्रत्येकावर कोणत्या पायरीवर गाडी अडली ते लिहिलेलं होतं. तो गठ्ठा आणि नऊ पायऱ्यांचा छापील लेख घेऊन मी आमच्या डेव्हलपरच्या टेबलाशी गेले. याच विषयावर मी त्याला आधी दोनदा बोलले होते. तेव्हा त्याचं उत्तर होतं, "फाइल बरोबर आहे, एक्सेल चुकीचं वाचतं." ते खरंच होतं. या वेळी मी वाद घातला नाही. म्हटलं, "एवढं वाच आणि तुझ्या मशीनवर करून दाखव."

चौथ्या पायरीवर त्याने शून्यं घालवली.

त्याने विचार केला की फाइलच्या सुरुवातीला यूटीएफ-८ ची तीन बाइटची खूण घालावी, म्हणजे डबल-क्लिक केल्यावरही एक्सेलला मराठी कळेल. पण शून्यांचा प्रश्न त्याने सुटत नव्हता. शेवटी त्याने सीएसव्हीच्या जोडीला थेट `.xlsx` फाइल काढायची आणि चढवायची सोय केली. त्यात खाते क्रमांकाचा रकाना मजकूर म्हणूनच लिहिलेला असतो आणि त्याच प्रकारात साठवली तर नावं मराठीच राहतात. शिवाय चढवताना नावाच्या रकान्यात ओळीने प्रश्नचिन्हं दिसली तर सॉफ्टवेअर आता थांबतं आणि विचारतं. हे शेवटचं मी मागितलेलं नव्हतं, ते त्याचं त्यानेच केलं. क्लार्कताईंचं तिकीट त्या गठ्ठ्यात सर्वांत वर होतं.

नऊ पायऱ्यांचा लेख आटून तीन ओळींचा झाला. सीएसव्ही नको, `.xlsx` काढा. जुनी सीएसव्ही फाइलच वापरायची असेल तर खालचा भाग वाचा. प्रश्नचिन्हं दिसत असतील तर काहीही साठवू नका, फोन करा. तिसरी ओळ मी मुद्दाम ठेवली आहे. प्रत्येक प्रश्न लेखात बंद करायचा नसतो. जिथे चुकीची किंमत दोन दिवसांचं काम असते, तिथे कॉल आलेलाच बरा.

एवढ्यावर हे संपलं असं मी धरून चालले होते. मग परवा एका तालुक्याच्या शाखेतून फोन आला. तिथे निवृत्तीला आलेले एक काका आहेत. फार शिस्तीचे, फोनवरसुद्धा मांडी घालून बसल्यासारखे बोलतात.

"मॅडम, सातव्या पायरीवर ते `Convert to Range` सापडत नाही."

"काका, सात पायऱ्या आता नाहीतच. तुम्ही कुठे वाचताय?"

"भिंतीवर. मी छापून लावलंय ना. प्लास्टिकमध्ये घालून."

मी कपाळाला हात लावला. लेख मी बदलला, नॉलेज बेसमध्ये बदलला, पण काकांच्या भिंतीवरचा कसा बदलणार? त्या दिवसापासून प्रत्येक लेखाच्या माथ्यावर, नावाच्याही आधी, ठळक अक्षरांत शेवटच्या बदलाची तारीख टाकते आणि खाली लिहिते, "छापील प्रत असेल तर ही तारीख जुळवून पाहा."

काकांना नवी प्रत पाठवली. एकच पान, तीन ओळी. त्यांनी ती छापली, भिंतीवर लावली आणि कळवायला फोन केला.

"जुना कागद काढला ना, काका?"

"नाही. तो राहू दे. त्याच्यावर पेनानं तुमचं एक्स्टेन्शन लिहिलंय."